चौथ्या ओळीतलं ‘फोल…’

*सासूबाई नारायण पेठेत राहतात, वय ७२. थायरॉईड, साखर आणि बीपी आधीपासून होतं, आता संधिवाताचं निदान झालंय. नव्या डॉक्टरांनी सगळी औषधं एकाच कागदावर हाताने लिहून दिली. सासरे चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, मी सिंहगड रस्त्यावरच्या घरी बसून वेळापत्रक करते आणि ते त्यांच्या फ्रिजवर लागतं. या वेळी सहापैकी तीन नावं नीट लागेनात. नेटवर शोधून जी जुळली ती लिहिली. चौथी आणि पाचवी ओळ सारखीच दिसली, म्हणून दोन्हीकडे फोलव्हाइट लिहून रोज सकाळी टाकलं. औषधं उद्या आणायची आहेत. फोटो आणि माझा तक्ता सोबत जोडलाय. बरोबर आहे ना? — एक सून*

चौथ्या ओळीबद्दल तुम्हाला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं, सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ती गोष्ट नव्हती. पण तुमच्या तक्त्यात जे झालं ते अगदी काळजीने काम करणाऱ्या माणसाकडूनच होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

फोलव्हाइट म्हणजे फॉलिक ॲसिड, एक जीवनसत्त्व. इंग्रजीत पहिली तीन अक्षरं तीच असलेलं दुसरं नाव आहे फोलिट्रॅक्स. त्यात मेथोट्रेक्सेट असतं. संधिवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं गेलं तर काही दिवसांतच तोंड आतून सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि जिवावर बेतू शकतं. आता यातली खोच बघा. मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टर त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिड देतात. म्हणजे ही दोन सारखी दिसणारी नावं योगायोगाने एका कागदावर येत नाहीत, ती यायचीच असतात. संधिवाताच्या चिठ्ठीत एकाखाली एक दोन ‘फोल’ दिसले, तर ती एकच गोष्ट चुकून दोनदा लिहिलेली नसून दोन वेगळी औषधं असण्याचीच शक्यता जास्त.

तुमच्या तक्त्याने धोका कसा झाला असता, तेही सांगतो. समजा औषधाच्या दुकानात फार्मासिस्टने चिठ्ठी अचूक वाचली आणि दोन्ही स्ट्रिप बरोबर दिल्या. घरी सासरे त्या तुमच्या तक्त्याशी जुळवणार. तक्त्यात दोन ‘फोल’, हातात दोन ‘फोल’, दोन्हींपुढे ‘रोज सकाळी’. डॉक्टर बरोबर, दुकानदार बरोबर, आणि फ्रिजवरचा कागद मात्र चुकीचा. घरात शेवटी त्याच कागदाचं ऐकलं जातं.

आता फोटोकडे वळू. तो टेबलावर तिरका ठेवून ट्यूबलाइटखाली काढलाय, वरची घडी मधोमध आली आहे आणि उजवी कड कापली गेली आहे. नेमक्या त्या कडेलाच दिवस आणि मुदत लिहिलेली असते. सासऱ्यांना सांगा, कागद खिडकीपाशी सपाट ठेवायचा, मोबाइल बरोबर वरून धरायचा, फ्लॅश बंद. एक फोटो संपूर्ण कागदाचा, ज्यात वरचं डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, फोन नंबर, तारीख आणि सासूबाईंचं नाव येईल. मग दोन-दोन ओळींचे जवळून काढलेले फोटो, आणि मागची बाजूही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जसाच्या तसा येतो. हे शोभेसाठी सांगत नाही. दाबलेल्या फोटोत सगळ्यात आधी हरवतो तो दशांश टिंब. चौथ्या ओळीत नावानंतर ‘७५’ दिसतंय. तिथे मधे एक फिकट ठिपका आहे का, हे मला तुमच्या फोटोवरून शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. साडेसात आणि पंच्याहत्तर यांच्यात तेवढाच एक ठिपका असतो.

वाचायला बसताना बहुतेक लोक नावापासून सुरुवात करतात. मी उलटं करतो. आधी आकडे आणि खुणा वाचतो, कारण त्यांचे प्रकार मोजके असतात. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे लागलं तरच. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर, आणि आपल्याकडचे डॉक्टर बीबीएफ असंही लिहितात, म्हणजे नाश्त्याआधी. (डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत मात्र ओडीचा अर्थ उजवा डोळा असाही होतो, तिथे गफलत करू नका.) मग नावापुढचा आकडा, म्हणजे गोळीची पॉवर. तो नुसता उतरवायचा, त्याला आपल्या मनाने मिलिग्रॅम जोडायचं नाही. थायरॉईडच्या गोळीवरचे ५० हे मायक्रोग्रॅम असतात. एकक स्ट्रिपवरून लिहावं.

नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही अक्षर-अक्षर. इथे एक जुनी गोष्ट आठवते. नोकरीच्या पहिल्या वर्षी पेठेतल्या एका दुकानात मी काउंटरवर होतो. सकाळपासून एकाच डॉक्टरांकडचे तिघे-चौघे एकच औषध नेत होते, पाचवा आला आणि त्याच्या चिठ्ठीतही मला तेच नाव स्पष्ट दिसलं. स्ट्रिप काढून ठेवली होती. मालकांनी चिठ्ठी उचलली, मला म्हणाले, “आता शेवटच्या अक्षरापासून मागे वाच.” मागून वाचल्यावर ते नाव उरलंच नाही. डोळ्यांना आधीच माहीत असलेला शब्द कागदावर सापडतोच सापडतो. नेटवर शोधताना हेच होतं. तुम्ही तीन अक्षरं टाइप करता, खाली पाच नावं येतात, त्यातलं एक वाचून तुम्ही परत फोटो बघता आणि मघाशी जो नुसता गिरमिटा होता त्यात आता ते नाव साफ दिसायला लागतं. म्हणून शोधायच्या आधी जे दिसतं ते कागदावर उतरवून घ्या. जिथे अक्षर लागत नाही तिथे रिकामी चौकट काढा. अंदाज भरायचा नाही.

आजारावरून अंदाज बांधायचा मोहही आवरा. ‘बीपी आहे ना, मग हे बीपीचंच असणार’ ही ओळख पडताळायला ठीक आहे, रिकामी चौकट भरायला नाही.

तुमच्या फोटोवरून मी जो कच्चा कागद केला, तो असा होता. पेन्सिलने, फ्रिजवर न लावता.

| ओळ | दिसतं तसं नाव | पॉवर | कधी | कशाची शंका |
|---|---|---|---|---|
| १ | थायरोनॉर्म | ५० | सकाळी, उपाशीपोटी | काही नाही |
| २ | ग्लायकोमेट जीपी १ | नावातच | १-०-१, खाण्याआधी | काही नाही |
| ३ | टेल्मा □ | ४० की एच? | १-०-० | नाव |
| ४ | फोल□□□□क्स? | ७.५ की ७५? | ‘सन’ असं काहीतरी | नाव, पॉवर, दिवस |
| ५ | फोल□□□□ | ५ | ५/७ | नाव, मुदत |
| ६ | शेलकॅल | ५०० | ०-१-०, जेवणानंतर | काही नाही |

शेवटचा रकाना बघा. ‘शंका आहे’ एवढंच लिहून भागत नाही, कशाची शंका आहे ते लिहायला हवं. तिसऱ्या ओळीत वेळ पक्की आहे, सकाळी एक. प्रश्न फक्त नावाच्या शेपटीचा आहे. वरून उघडा राहिलेला इंग्रजी चार आणि घाईतला इंग्रजी एच हे जुळे भाऊ. टेल्मा ४० मध्ये एकच औषध असतं, टेल्मा एचमध्ये त्याच्या जोडीला लघवी वाढवणारं दुसरं औषध येतं. चौथ्या ओळीत नावापेक्षा दिवसाची शंका मोठी आहे. आणि पाचव्या ओळीत पॉवर पाच असल्यामुळे ‘मग हे फोलव्हाइटच’ असं म्हणता येत नाही, कारण फोलिट्रॅक्सही पाचमध्ये मिळतं.

त्या ५/७ वर जरा थांबतो. जुन्या वळणाच्या लिखाणात खाली ७ असेल तर वरचा आकडा दिवसांचा, ५२ असेल तर आठवड्यांचा, १२ असेल तर महिन्यांचा. त्या हिशोबाने ५/७ म्हणजे पाच दिवस घ्या आणि थांबवा. पण फॉलिक ॲसिड मेथोट्रेक्सेटच्या जोडीला असेल, तर त्याच खुणेचा अर्थ ‘दर आठवड्यात पाच दिवस’ असाही निघतो. एकात पाच गोळ्यांवर काम संपतं, दुसऱ्यात महिनोन् महिने चालतं. हे कितीही तल्लख नजरेला कागदावरून सुटणार नाही, कारण अक्षर इथे स्वच्छच आहे. अर्थ डॉक्टरांनाच विचारावा लागतो.

आता दुकानात कसं विचारायचं. तुम्ही चिठ्ठी पुढे करून “हे फोलव्हाइटच ना?” असं विचारलंत तर गर्दीतला माणूस “हो” म्हणेल. तुम्हीच त्याच्या डोळ्यांत नाव घातलंत. त्याऐवजी मूळ कागद द्या, फोटो नको, आणि म्हणा, “चौथी ओळ तुम्हाला काय वाचता येते, सांगता का?” आपला कच्चा कागद तोवर पिशवीत ठेवा. त्यांनी सांगितलं की मग ताडून बघा. दोन जणांनी एकमेकांचं न बघता एकच वाचलं तर त्याला काही किंमत आहे. आणि विचारायचं ते नोंदणीकृत फार्मासिस्टला, ज्यांचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं त्यांना, पुड्या बांधणाऱ्या मुलाला नाही. वेळ सकाळी अकराच्या सुमाराची बरी. संध्याकाळी साडेसातला ऑफिसवाल्यांची झुंबड असते, आणि दुपारी एक ते चारबद्दल पुणेकरांना मी काय सांगणार?

फार्मासिस्टलाही खात्री नसेल, तर त्यांनी चिठ्ठीवरच्या नंबरवर डॉक्टरांना फोन करायला हवा. “साधारण हेच असेल” हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. डॉक्टरांना त्रास होईल ही भीडही नको. औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच नियमात घातलंय.

स्ट्रिप हातात आल्यावर एक समज दूर करायचा असतो. लोक म्हणतात, स्ट्रिपवर नाव छापलंय, म्हणजे प्रश्न मिटला. दुकानदाराने काय वाचलं एवढंच स्ट्रिप सांगते, डॉक्टरांनी काय लिहिलं ते नाही. तरी तिचा एक फार मोठा उपयोग आहे. ब्रँडच्या नावासोबत बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचा. तिथे मेथोट्रेक्सेट दिसलं आणि तक्त्यात त्यापुढे ‘रोज’ असेल, तर गोळी फोडायची नाही, फोन उचलायचा. जुन्या स्ट्रिपचंही तसंच. सासूबाईंच्या डब्यात टेल्मा ४० सापडली म्हणून नव्या चिठ्ठीतही तीच असेल असं नाही. कदाचित बीपी आटोक्यात नाही म्हणूनच डॉक्टरांनी बदललं असेल.

शंका सुटेपर्यंत काय द्यायचं, हे तुम्ही फोनवर विचारलं होतंत. पहिली, दुसरी आणि सहावी ओळ स्वच्छ होती, ती चालू. दोन्ही ‘फोल’ नवीन होते, ते उत्तर मिळेपर्यंत सुरूच करायचे नाहीत. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद ठेवायची नसते, म्हणून तिसऱ्या ओळीचा फोन त्याच दिवशी करायला सांगितला.

तुम्ही दुसऱ्या दिवशी कळवलंत ते असं. चौथी ओळ फोलिट्रॅक्स साडेसात, फक्त रविवारी. पाचवी फोलव्हाइट पाच, सोमवार ते शुक्रवार, पुढच्या तपासणीपर्यंत. आणि तिसरी टेल्मा एच. ही तिसरी मी ४० वर पैज लावून बसलो होतो, बरं झालं तक्त्यात लिहिली नाही.

आता पक्का तक्ता शाईने. ओळींच्या क्रमाने नको, घड्याळाच्या क्रमाने करा. साडेसहाला थायरोनॉर्म, नुसत्या पाण्याबरोबर. तुम्ही म्हणालात की सासूबाईंचा डोळा उघडतो तो चहाच्या वासाने, पण या गोळीनंतर चहा आणि नाश्ता अर्धा ते एक तास लांबवायचा. पावणेआठच्या सुमारास नाश्त्याआधी ग्लायकोमेट जीपी १, आणि नाश्ता समोर तयार असल्याशिवाय ती घ्यायची नाही, कारण तिच्यातला एक घटक साखर खाली आणतो. टेल्मा एच आणि सोमवार ते शुक्रवार फोलव्हाइट नाश्त्यानंतर चालेल का, ते फार्मासिस्टला विचारून टाकून घ्या, चिठ्ठीत टेल्माच्या वेळेबद्दल एवढंच आहे की सकाळी, आणि फोलव्हाइटच्या वेळेबद्दल काहीच नाही. दीड वाजता जेवणानंतर शेलकॅल. कॅल्शियम आणि थायरॉईडची गोळी यांच्यात किमान चार तास हवेत, ते इथे आपोआप पडतात. म्हणून ‘सगळ्या एकदमच घेते, विसरायला नको’ हा सासूबाईंचा आग्रह इथे मानू नका. रात्रीच्या जेवणाआधी दुसरी ग्लायकोमेट.

फोलिट्रॅक्स या तक्त्यात लिहूच नका. रोजच्या रकान्यांमध्ये आठवड्याची गोळी ठेवली की एखाद्या सकाळी ती रोजची होऊन बसते. तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी, वर ठळक ‘फक्त रविवारी’, खाली पुढच्या चार रविवारांच्या तारखा, आणि घेतली की सासऱ्यांनी तारखेवर काट मारायची. स्ट्रिपही रोजच्या डब्यात नको, कपाटात वेगळी. एखादा रविवार चुकला तर सोमवारी आपल्या मनाने भरून काढायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि मधल्या काळात तोंडात फोड आले, ताप आला किंवा अंगावर निळसर डाग दिसले, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

तक्त्यावर औषधाचं नाव स्ट्रिपवर आहे तसं इंग्रजीत लिहा, वेळ मराठीत मोठ्या अक्षरांत. ‘पांढरी छोटी’, ‘पिवळी लांबट’ असं लिहू नका. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी आली की रंग बदलतो. खाली चिठ्ठीची तारीख टाका आणि कोणती ओळ कोणी, कधी पडताळली तेही लिहा. नवी चिठ्ठी आली की जुना तक्ता फ्रिजवरून उतरवून फाडायचा, त्यावर खाडाखोड करून वापरायचा नाही.

एक चौकट मात्र अजून पेन्सिलीतच आहे. तुमच्या फोटोत मागे भिंतीवरचं कॅलेंडर आलंय आणि त्यावर संकष्टीला लाल गोल केलेला दिसतोय. सासूबाई चंद्रोदयापर्यंत काही खात नसतील, तर त्या दिवशी सकाळच्या ग्लायकोमेट जीपी १ चं काय करायचं, हे चिठ्ठीत नाही आणि फार्मासिस्टच्या अखत्यारीतही नाही. पुढच्या संकष्टीच्या आधी डॉक्टरांना विचारा आणि काय म्हणाले ते मला कळवा.